मूळ कागद, झेरॉक्स, फोटो: पासपोर्टच्या भेटीला काय न्यावं

पासपोर्ट सेवा केंद्राच्या आसपास झेरॉक्सचं दुकान असतंच, आणि सकाळच्या वेळी तिथं घाईघाईनं आधारकार्ड काचेवर ठेवणारी माणसंही असतात. ती पाहून वाटतं, की लोकांना हात हलवत परत जावं लागतं ते झेरॉक्स विसरल्यामुळे. प्रत्यक्षात झेरॉक्स विसरलेला माणूस परत जात नाही, तो रस्ता ओलांडून झेरॉक्स काढून आणतो. परत जावं लागतं ते फाइल जय्यत तयार असलेल्याला. सगळ्याच्या दोन-दोन प्रती, डझनभर फोटो, शिधापत्रिका, लाइट बिल असं सारं त्याच्याकडे असतं. पण मुलीच्या जन्मदाखल्यावर तिचं नावच नसतं, किंवा आईच्या आधारकार्डावर सासरचं आडनाव आणि पासपोर्टवर माहेरचं असतं. या अडचणीवर रस्त्यापलीकडच्या दुकानात इलाज नाही.

तेव्हा शेजाऱ्यानं सांगितलेली कागदांची यादी बाजूला ठेवून खिडकीवर काय विचारलं जातं ते आधी पाहू. जन्म कधी आणि कुठे झाला, सध्या राहता कुठे, आणि तुमचं नाव नक्की काय, हे तीन प्रश्न प्रत्येकाला असतात. मूल असेल तर चौथा: आईवडील कोण, आणि त्यांची संमती आहे का. जुना पासपोर्ट असेल तर तोही दाखवावा लागतो. एवढ्या प्रश्नांना एकेक भक्कम कागद पुरतो. मात्र त्या सगळ्या कागदांवर एकाच माणसाचं नाव एकाच पद्धतीनं लिहिलेलं असायला हवं, आणि खरी मेख तिथं आहे.

समजा, साताऱ्याकडचं एक कुटुंब आहे. नवरा-बायको नोकरीनिमित्त पुण्यात भाड्याच्या घरात राहतात. त्यांची मुलगी जानेवारी २०२४ मध्ये जन्मली, आणि तिचा पहिला पासपोर्ट काढायचा आहे. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी, म्हणजे सांगलीला झालं. त्यामुळे जन्माची नोंद ना पुण्यात ना साताऱ्यात. ती सांगलीच्या महापालिकेकडे आहे. जन्म जिथं झाला तिथल्याच निबंधकाकडे नोंद होते, घर कुठे आहे त्याच्याशी तिचा संबंध नसतो. दाखल्यात काही चूक निघाली तर सांगलीलाच खेटे घालावे लागणार, हे अपॉइंटमेंट घेण्याआधी लक्षात आलेलं बरं.

या मुलीसाठी जन्मदाखल्याला पर्यायही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पासपोर्ट नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म प्रमाणपत्र चालतं. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, पॅन, वाहन परवाना असे इतर मार्ग अजून मोकळे आहेत. त्यामुळे मोठ्या भावाचा पासपोर्ट ज्या कागदांवर झाला, त्याच कागदांवर धाकटीचा होईलच असं नाही.

आता तो दाखला हातात घेऊन नीट वाचू. पहिल्यांदा पाहायचं ते मुलीच्या नावाचं रकाना भरलेला आहे का. रुग्णालयातून नोंद जाते तेव्हा बारसं झालेलं नसतं. त्यामुळे पहिला दाखला पुष्कळदा बिननावाचा निघतो आणि घरात तोच जपून ठेवला जातो. नाव नंतर नोंदवता येतं: जन्मनोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आपल्या उदाहरणातली मुलगी वर्षाच्या पुढं गेली आहे, म्हणजे शुल्क भरून नाव घालायचं आणि नवा दाखला घ्यायचा. बिननावाच्या दाखल्यावर पेनानं नाव लिहून नेण्याचा शहाणपणा कुणी करू नये. मूळ दाखल्यावर हातानं केलेली भर म्हणजे तो दाखला बाद करण्याचं निमंत्रण.

दुसरं, आईचं नाव. माहेरी बाळंतपण झालं की रुग्णालयाच्या फॉर्मवर कधी माहेरचं आडनाव पडतं, कधी सासरचं, फॉर्म कुणी भरला त्यावर ते अवलंबून असतं. तिसरं, इंग्रजी स्पेलिंग. मराठीत ‘दीपक’ एकच, पण इंग्रजीत त्यात दोन ‘ई’ घातले की एक ‘आय’ यावरून वडिलांची दोन माणसं होतात. ‘वैशाली’ला ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, ‘आनंद’ की ‘आनंदराव’, ही सगळी त्याच जातीची प्रकरणं. मराठी नाव वाचून आपण पुढं जातो. संगणकात मात्र इंग्रजी अक्षरं जातात. म्हणून दाखला, आईवडिलांची आधारकार्डं आणि पासपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवून इंग्रजी नावं अक्षर-अक्षर लावून पाहावीत. कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्या तयारीत याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

ऑनलाइन अर्जातही आपल्या मराठी नावांचा एक खास सापळा आहे. आपल्याकडे नावाचे तीन भाग: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. अर्जात चौकटी दोनच, ‘गिव्हन नेम’ आणि ‘सरनेम’. पहिल्या चौकटीत स्वतःचं आणि मधलं अशी दोन्ही नावं लिहायची, दुसरीत फक्त आडनाव. मधलं नाव गाळून टाकलं, की आधारवर तीन शब्द आणि अर्जात दोन, अशी तफावत उभी राहते. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं, तेव्हा ते पाहून अर्ज भरणाऱ्यानं क्रम उलटा होऊ देऊ नये.

आपल्या उदाहरणातल्या आईकडे पासपोर्ट आहे, पण लग्नाआधीचा. त्यावर माहेरचं आडनाव आहे. आधार आणि मुलीचा जन्मदाखला सासरच्या नावाचा. मुलाच्या अर्जासोबत आईवडिलांचे पासपोर्ट असतील तर ते मूळ आणि प्रतींसह दाखवायचे असतात. इथे खिडकीवरच्या माणसासमोर दोन वेगळ्या बायका उभ्या राहतात. त्यांची सांगड घालणारा कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र, ज्यावर तिचं लग्नाआधीचं पूर्ण नाव छापलेलं असतं. कार्यालयातली लग्नपत्रिका किंवा भटजींनी दिलेलं पत्र त्या जागी चालत नाही. नोंदणी झालेली नसेल तर महापालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे ती आधी करून घ्यावी. माझं मत विचाराल तर अशा वेळी आईनं आधी स्वतःचा पासपोर्ट नव्या नावावर करून, त्यात नवऱ्याचं नाव घालून घ्यावं आणि मग मुलीचा अर्ज करावा. एक फेरी वाढते, पण पुढच्या प्रत्येक अर्जात आईचं नाव समजावून सांगत बसावं लागत नाही.

पत्त्याचा प्रश्न वरवर सोपा वाटतो. महावितरणचं बिल घेऊन लोक निघतात आणि ते बिल अजून आजोबांच्या नावावर असतं. अर्जदाराचं स्वतःचं नाव ज्यावर नाही, ते बिल त्याच्या पत्त्याचा पुरावा होत नाही. शिधापत्रिकेवर सगळ्या घरादाराची नावं असतात म्हणून ती आपल्याला सर्वांत भरवशाची वाटते, पण केवळ तिच्यावर विसंबून भेटीला जाऊ नये. पुण्यात भाड्यानं राहणाऱ्या आपल्या जोडप्याकडे भाडेकरार असेल तर तो नोंदणीकृत हवा. नोटरीकडून शिक्का मारून आणलेला करार पुरत नाही. चालू खात्याचं फोटो असलेलं बँक पासबुक चालतं, आधार चालतं. मुलासाठी आईवडिलांच्या पत्त्याचा पुरावा धरला जातो.

इथे एक मोह टाळावा. आधारवर साताऱ्याचा पत्ता आहे, बदलायचा कंटाळा आहे, म्हणून अर्जात सध्याचा पत्ता साताऱ्याचाच टाकून द्यावा, असं बऱ्याच जणांना वाटतं. मोठ्यांच्या बाबतीत पोलिस पडताळणी त्याच पत्त्यावर होते. तिथं ‘हे इथे राहत नाहीत, पुण्याला असतात’ असं शेजाऱ्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, की अहवाल विरोधात जातो आणि मग पासपोर्ट कार्यालयाकडून खुलासा मागणारं पत्र येतं. राहता तोच पत्ता लिहायचा आणि त्याच पत्त्याचा कागद न्यायचा.

आता संमतीचा कागद. लहान मुलासाठी आईवडिलांचं जाहीरनामापत्र लागतं. त्याचा नमुना ‘अॅनेक्श्चर डी’ या नावानं passportindia.gov.in या अधिकृत संकेतस्थळावर मिळतो. तो साध्या कागदावर छापून, भरून दोघांनी सही करायची. स्टॅम्प पेपर नको, नोटरी नको. २०१६ च्या अखेरीला नियम सुटसुटीत केले गेले तेव्हापासून असे सगळे जाहीरनामे साध्या कागदावरच चालतात. तरीही शंभराचा स्टॅम्प पेपर घ्यायला लावणारे बाहेर भेटतात. मुलाबरोबर पालक हवाच. आई किंवा वडील यांपैकी एकाची सही मिळणं शक्यच नसेल तर त्यासाठी वेगळा नमुना आहे, ‘अॅनेक्श्चर सी’. त्यात दुसऱ्या पालकाची सही का नाही हे लिहावं लागतं. वडील ऑफिसातून सुटी घेऊ शकत नाहीत एवढ्यासाठी तो वापरायचा नसतो. तशा वेळी वडिलांनी घरीच ‘डी’वर सही करून ठेवायची.

झेरॉक्सबद्दल थोडं. मागितला जातो तो प्रत्येक कागदाचा एक संच, अर्जदाराच्या सहीनिशी. लहान मुलाच्या कागदांवर सही पालक करतात. पूर्वी यासाठी गॅझेटेड अधिकारी शोधत फिरावं लागे, ओळखीतल्या प्राचार्यांच्या किंवा डॉक्टरांच्या दारात ‘ट्रू कॉपी’चा शिक्का मागत उभं राहावं लागे. आता आपली सही हाच शिक्का. ती मजकुरावर, फोटोवर न करता खालच्या मोकळ्या जागेत करावी आणि खाली तारीख घालावी. आधारच्या दोन्ही बाजू ए-फोर कागदाच्या एकाच पानावर घेता येतात. पासबुकाचं फोटो आणि बँकेचा शिक्का असलेलं पान शिक्का वाचता येईल इतकं स्पष्ट निघालं पाहिजे. पासपोर्टच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांची प्रत लागते. मधल्या एखाद्या पानावर शेरा असेल तर त्याचीही, आणि हेच पान बहुतेक जण विसरतात. जन्मदाखल्याच्या मागे काही छापलेलं असेल तर मागची बाजूही घ्यावी.

एक संच मागतात, पण घेऊन जावेत दोन. दुसरा घरी परत आणायचा, तो पुढे पोलिस पडताळणीच्या वेळी कामाला येतो. मूळ कागद लॅमिनेट करून ठेवण्याची आपली हौस मात्र जन्मदाखल्याच्या आणि विवाह प्रमाणपत्राच्या बाबतीत सोडून द्यावी. उठावाचा शिक्का आणि शाईची सही प्लास्टिकखाली तपासता येत नाही. अर्ज भरताना डिजिलॉकरमधून कागद जोडण्याची सोय आहे आणि तसे जोडले तर त्यांची मूळ प्रत न्यावी लागत नाही, असं सांगितलं जातं. ते खरं आहे, तरी हाताशी असलेला मूळ कागद घरी कपाटात ठेवून जाण्यात शहाणपण काही नाही.

फोटोंच्या बाबतीत लोक सर्वांत जास्त खर्च करतात आणि तिथे गरज सर्वांत कमी. मोठ्या माणसाचा फोटो केंद्रातच काढतात, बोटांचे ठसेही तिथेच घेतात. मोठ्यांनी स्टुडिओतून काढलेला फोटो त्या दिवशी पाकिटातच राहतो. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो मात्र आपण न्यायचा असतो: रंगीत, पांढऱ्या पार्श्वभूमीचा, अलीकडचा, साडेचार सेंटिमीटर उंच आणि साडेतीन सेंटिमीटर रुंद. चेहरा समोर, डोळे उघडे, कपाळावर सावली नको. नजर लागू नये म्हणून गालावर लावलेलं काजळाचं बोट फोटोपुरतं पुसावं. मूल धरणाऱ्या आईचा हात किंवा पदर फोटोत आला तर तो चालत नाही. पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून काढलेला फोटो या वयात सर्वांत चांगला येतो, हे चांगल्या फोटोग्राफरला माहीत असतं. मोबाइलवर काढून नंतर संगणकानं मागचा भाग पांढरा केलेला फोटो टाळावा; केसांची कड कातरल्यासारखी दिसते आणि हरकत येते. फोटो दोन न्यावेत, मागे पेन्सिलीनं नाव लिहून.

याच कुटुंबातल्या आजींचाही पहिला पासपोर्ट काढायचा ठरला, तर त्यांची अडचण निराळी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि लग्नात बदललेलं नाव आधारवर, असं मागच्या पिढीत सर्रास दिसतं. आडनावच नाही तर पाळण्यातलं नावही सासरी बदललेलं. त्या काळच्या लग्नाची नोंदणी सहसा नसते. अशा वेळी शाळेचा दाखला पुढे करून गुंता वाढवण्यापेक्षा जन्मतारीख आणि सध्याचं नाव दोन्ही असलेलं आधार आणि पॅन पुढे करावं, अर्थात त्या दोघांवर पूर्ण जन्मतारीख असेल आणि ती एकच असेल तर. जुन्या आधारकार्डांवर फक्त जन्मवर्ष असतं, ते आधी दुरुस्त करून घ्यावं लागतं. दहावी झालेली नसेल तर आखाती देशांसारख्या काही ठिकाणी नोकरीला जाण्यापूर्वी परवानगी लागते आणि तसा शेरा पासपोर्टवर येतो, पण पन्नाशी ओलांडलेल्यांना त्यातून सूट आहे. आजींना सही येत नसेल तर अंगठा चालतो. ज्येष्ठांबरोबर एकाला आत सोडतात, तेव्हा कागद सांभाळायला घरचं माणूस बरोबर असावं.

आतली वाट ठरलेली आहे. दारात अपॉइंटमेंटचा संदेश दाखवून टोकन मिळतं. संदेश मोबाइलवर असला तरी चालतो, पण अर्जाचा क्रमांक कागदावर लिहून ठेवलेला बरा. मग ‘ए’ काउंटर: इथले कर्मचारी कागद स्कॅन करतात, मोठ्यांचा फोटो आणि ठसे घेतात, संगणकावरचं नाव-पत्ता तुम्हाला दाखवून खात्री करून घेतात. स्पेलिंगची चूक दुरुस्त करून घ्यायची सर्वांत सोपी जागा हीच, म्हणून इथे घाई न करता पडद्यावरचं प्रत्येक अक्षर वाचावं. ‘बी’वर पासपोर्ट खात्याचा अधिकारी मूळ कागद तपासतो, ‘सी’वर मंजुरीचा निर्णय होतो. कागद या क्रमानं मागितले जातात: आधी ओळख आणि पत्ता, मग जन्म, मग पालकांचे पासपोर्ट आणि जाहीरनामा. प्रत्येक मूळ कागदाच्या मागेच त्याची झेरॉक्स ठेवली की खिडकीवर शोधाशोध होत नाही. टाचणी आणि स्टेपल मारू नयेत, सगळं पुन्हा सुटं करावं लागतं. मूळ कागद तिथल्या तिथे परत मिळतात, झेरॉक्सचा संच त्यांच्याकडे राहतो. उठण्यापूर्वी मूळ कागद मोजून घ्यावेत.

एखादा कागद कमी पडला तर अर्ज लगेच रद्द होत नाही. कमतरता नोंदवून पुन्हा यायला सांगतात. पण भेटीची तारीख मर्यादित वेळाच बदलता येते आणि भरलेले पैसे कायम वाट पाहत राहत नाहीत. म्हणून जन्मदाखल्यात नाव घालायचं काम किंवा विवाह नोंदणी बाकी असेल तर ती पुरी होईपर्यंत पैसे भरून तारीख घेऊच नये. अधिकृत संकेतस्थळासारखीच दिसणारी आणि जादा पैसे उकळणारी संकेतस्थळंही आहेत, तेव्हा पत्ता स्वतः टाइप करावा.

बाहेर पडताना पोचपावती मिळते. तिच्यावरचं मुलीचं नाव, जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं तिथेच पाहून घ्या. काही चुकलं असेल तर आत परत जाऊन सांगणं सोपं. पासपोर्ट छापून आल्यावर तीच चूक दुरुस्त करायची तर नवा अर्ज आणि नवं शुल्क. झेरॉक्सचा दुसरा संच आणि मोठ्यांचे दोन-तीन फोटो त्याच फाइलमध्ये राहू द्या, पोलिस ठाण्यातून बोलावणं आलं की तेच उचलून न्यायचे. पासपोर्ट स्पीड पोस्टानं येतो आणि पोस्टमन तो ओळखपत्र पाहूनच हाती देतो, त्यामुळे त्या दिवसांत घराला कुलूप लावून गावी जाऊ नका. लहान मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, मुदत संपण्याची तारीख आताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.